गल्ल्यातला पैसा कुणाचा?

२०२३च्या रमजान ईदनंतरच्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्यावर तो म्हणाला, "आपा, तुझ्याकडे पन्नास हजार निघतील का? दोन-तीन महिन्यांत परत करतो."

मला आश्चर्य वाटलं. मिरजेहून एसटीने तासाभरावर त्याचं किराणा आणि जनरल सामानाचं दुकान आहे. अब्बांच्या हातचं, चालतं दुकान. ईदच्या आधी मी स्वतः तिथे गेले होते, तेव्हा शेवया, खजूर आणि सुक्या मेव्यासाठी ओट्यावर उभं राहायला जागा नव्हती. इतका धंदा झाला आणि महिना संपायच्या आत घाऊक व्यापाऱ्याचे पैसे द्यायला गल्ल्यात काही नाही, हे कसं?

त्याच्याकडे याचं उत्तर तयार होतं. आवाज खाली करून तो म्हणाला, "मला वाटतं, आपला पोरगा गल्ल्यात हात घालतोय. या महिन्यानंतर त्याला काढून टाकावं म्हणतो."

पोरगा म्हणजे दुकानात कामाला असलेला बावीस वर्षांचा तरुण. अब्बा असल्यापासून तो तिथे आहे. "कशावरून?" असं विचारलं तर भाऊ म्हणाला, "मग पैसा जातो कुठे?"

मी त्याला एवढंच म्हटलं की, शाळेला सुट्टी लागतेच आहे, मी येते. तोपर्यंत कुणाला काही बोलू नकोस.

मी वाणिज्य शाखेची नाही. बी.एड. करून वीस वर्षं उर्दू शाळेत मुलांना शिकवते. हिशेबाचा माझा अनुभव एकच, शालेय पोषण आहाराची नोंदवही. आधीची शिल्लक इतके किलो तांदूळ, आज आला इतका, मुलांना शिजवून घातला इतका, उरला इतका. वहीत उरलेला आणि पोत्यात उरलेला तांदूळ जुळला पाहिजे, नाही जुळला तर उत्तर द्यावं लागतं. दुकानाचा हिशेब याहून फार वेगळा नसतो, हे त्या सुट्टीत माझ्या लक्षात आलं.

एकाच वहीची दोन तोंडं

रविवारी ३० एप्रिलला मी दुकानात पोहोचले आणि वही मागितली. अब्बा रोज रात्री लाल बांधणीच्या चोपडीत रोजमेळ लिहायचे. त्यांच्यानंतर ती चोपडी माळ्यावर गेली होती. भावाकडे फक्त उधारीची एक वही होती, आणि व्यापाऱ्यांची बिलं खिळ्याला टोचलेली.

उधारीच्या वहीत एक गंमत होती. भाऊ मराठी शाळेत शिकला, भाभी उर्दू शाळेत. भाऊ वही डावीकडून उघडून मराठीत लिहायचा. दुपारी तो जोहरच्या नमाजला आणि जेवायला गेला की भाभी दुकानात बसायची. ती तीच वही उलट बाजूने उघडून उर्दूत, उजवीकडून डावीकडे लिहायची. म्हणजे एकाच गिऱ्हाईकाची दोन खाती, एक पुढून आणि एक मागून. दोन्ही वाचून बेरीज कुणीच करत नव्हतं. त्यात रकाने उलटे. भावाच्या पानावर आधी 'दिले' आणि मग 'आले' असं डावीकडून, तर भाभीच्या पानावर तेच उजवीकडून. घाईत वाचताना भावाने शेजारच्या चाचींनी भरलेले पाचशे रुपये उधारीत धरले आणि त्यांच्याकडे दुसऱ्यांदा मागितले. चाची तेव्हापासून समोरच्या दुकानात जातात.

आकड्यांचाही घोटाळा होता. उर्दूतला पाच घाईत लिहिला की मराठीतल्या शून्यासारखा दिसतो आणि उर्दूतला शून्य म्हणजे नुसता ठिपका. आमचा पहिला निर्णय झाला तो हाच. नाव कुठल्याही लिपीत लिहा, पण आकडे इंग्रजी, वही एकाच बाजूने उघडायची आणि रकान्यांचा क्रम एकच : तारीख, तपशील, दिले, आले, बाकी. प्रत्येक गिऱ्हाईकाला स्वतंत्र पान. पैसे आले की जुन्या ओळीवर काट मारायची नाही. 'आले' च्या रकान्यात नवी ओळ लिहायची आणि बाकी गिऱ्हाईकाला मोठ्याने वाचून दाखवायची. काट मारली की अर्धे पैसे देणाऱ्याचा हिशेब हमखास हरवतो, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात.

विक्री न लिहिता विक्री काढायची

भाऊ म्हणाला, "आपा, दोन रुपयांची गोळी, दहाचा शाम्पू, पाव किलो साखर, हे सगळं लिहीत बसलो तर धंदा कधी करू?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. पण त्याच आयतीत हातोहात होणारा रोखीचा व्यवहार न लिहिण्याची मुभाही आहे. आम्हीही तेच केलं. रोख विक्री लिहायची नाही. लिहायच्या फक्त तीन गोष्टी : गल्ल्यातून बाहेर गेलेला प्रत्येक रुपया, उधार दिलेला प्रत्येक माल आणि वसूल झालेली प्रत्येक उधारी. गल्ल्याजवळ दोरीला पेन बांधलं आणि एक लांबट वही ठेवली. रोख विक्री रात्री आपोआप निघते.

१६ मेचा दिवस उदाहरणादाखल सांगते. सकाळी गल्ल्यात सुट्ट्या पैशांसह २,००० रुपये ठेवले होते. रात्री दुकान बंद करताना मोजले तेव्हा ५,३४० निघाले. दिवसभरात गल्ल्यातून पाव-दूधवाल्याला १,१५० दिले, हमालाला ६० दिले आणि घरी ७०० गेले. एका गिऱ्हाईकाने जुन्या उधारीचे ९०० रोख आणून दिले.

आता हिशेब असा. रात्रीची रोकड ५,३४०. त्यात बाहेर गेलेले १,९१० मिळवले, कारण ते गेले नसते तर गल्ल्यातच असते. झाले ७,२५०. त्यातून सकाळचे २,००० आणि उधारी वसुलीचे ९०० वजा केले, कारण ती आजची विक्री नव्हे. उरले ४,३५०. ही त्या दिवसाची रोख विक्री. मोबाइलवर क्यूआर कोडने आलेले २,४६० आणि उधार दिलेला माल १,२४० मिळवला की दिवसाची एकूण विक्री ८,०५० रुपये. गल्ल्यात पुन्हा २,००० ठेवून वरचे ३,३४० बाजूच्या डब्यात, बँकेत भरायला.

याला रोज रात्री दहा मिनिटं लागतात. पण दोन अटी आहेत. पहिली, वसुली विक्रीत मिसळायची नाही. नाहीतर तोच माल एकदा उधार देताना आणि एकदा पैसे येताना असा दोनदा विकल्यासारखा दिसतो. दुसरी, क्यूआर कोडचं खातं वेगळं हवं. भावाचं एकच खातं होतं. त्यात गिऱ्हाइकांचे पैसे यायचे आणि त्यातूनच मोटरसायकलचा हप्ता जायचा. आम्ही दुकानासाठी दुसरं बचत खातं उघडून कोड तिथे जोडला.

या पद्धतीची एक उणीवही सांगितली पाहिजे. विक्री अशी उलटी काढली की गल्ल्यातून कुणी शंभर रुपये गुपचूप नेले तर ते चोरी म्हणून दिसत नाहीत. विक्रीच तेवढी कमी दिसते. म्हणजे भावाचा जो संशय होता, त्याचं उत्तर या रोजच्या बेरजेत मिळणार नव्हतं. त्यासाठी आम्ही एक शनिवार आणि एक सोमवार निवडला आणि ते दोन दिवस प्रत्येक विक्री, अगदी गोळीसुद्धा, कागदावर लिहिली. पोरालाच लिहायला बसवलं असतं तर अर्थ नव्हता, म्हणून मी आणि भाभी आळीपाळीने बसलो. गल्ल्यावर तो नेहमीसारखाच होता. पहिल्या दिवशी बारा रुपये कमी भरले, दुसऱ्या दिवशी वीस. सुट्ट्या पैशांच्या देवघेवीत एवढं होतंच. पण आपण समोर बसलो असताना कुणीही सांभाळूनच वागेल, असं भाऊ म्हणाला. तेही खरं होतं. पक्कं उत्तर महिनाअखेरीच्या हिशेबातून यायचं होतं.

माल मोजण्याची रात्र

महिन्याचा नफा काढायचा तर दुकानात माल किती रुपयांचा आहे, हे सुरुवातीला आणि शेवटी मोजावं लागतं. तांदळाच्या नोंदवहीत असतं तसंच. ३० एप्रिलला रात्री ईशानंतर आम्ही चौघं बसलो. पोरगा फळीवरच्या वस्तू मोजून आकडा सांगायचा, मी लिहायची, भाऊ भाव सांगायचा आणि भाभी पुढच्या फळीकडे वळायची. अडीच वाजले.

भाव धरायचा तो खरेदीचा. पाकिटावर छापलेला धरला तर अजून न झालेला नफा आधीच मोजल्यासारखं होतं. मुदत संपलेल्या मालाला शून्य. तेल, साखर, तांदूळ, डाळी, चहा आणि साबण नीट मोजले. बाकीच्या चिल्लर वस्तूंचा फळीनुसार अंदाज घेतला. दोन्ही वेळा अंदाजाची पद्धत तीच ठेवली, म्हणजे चूक असली तरी दोन्हीकडे सारखी राहते. बेरीज आली १,९०,०००. भाऊ म्हणायचा, माल तीन लाखांचा आहे. त्या रात्री आणखी एक गोष्ट दिसली. जवळजवळ तीस हजारांचा माल हलतच नव्हता. प्लास्टिकची भांडी, मागच्या दिवाळीचे भेटवस्तूंचे डबे आणि एका कंपनीच्या योजनेत घेतलेली अत्तरं.

व्यापाऱ्यांसाठी तिसरी वही केली. प्रत्येक व्यापाऱ्याचं एक पान. माल आला की बिलाची रक्कम त्याच दिवशी लिहायची आणि पैसे दिले की वजा करायची. इथे एक चूक फार जण करतात. माल आला तेव्हा खरेदी धरतात आणि पैसे देताना तीच रक्कम पुन्हा खर्चात धरतात. खरेदी मालाबरोबर एकदाच होते. नंतर दिलेले पैसे हे फक्त देणं फेडणं असतं.

महिन्याचा हिशेब

३१ मेच्या रात्री पुन्हा माल मोजला. जूनच्या पहिल्या रविवारी मी चारही कागद समोर ठेवले. मोठे आकडे शंभरात पूर्ण करून सांगते.

महिन्याची विक्री २,३४,०००. त्यातली रोख आणि मोबाइलवरची १,९८,०००, उधार ३६,०००. महिन्यात माल घेतला २,१८,०००.

भावाने लगेच वजाबाकी केली. "म्हणजे सोळा हजार सुटले."

तसं नाही. घेतलेला सगळा माल विकला गेला नव्हता. सुरुवातीचा माल १,९०,०००, त्यात खरेदी २,१८,०००, मिळून ४,०८,०००. शेवटी मोजला तेव्हा फळीवर होता १,९९,५००. आणि ६,५०० रुपयांचा माल घरी गेला होता, त्याबद्दल पुढे सांगते. म्हणजे विकला गेलेला माल, खरेदीच्या भावाने, २,०२,०००. तो विकून आले २,३४,०००. ढोबळ नफा ३२,०००.

इथेच पोराच्या प्रश्नाचं उत्तर होतं. शंभर रुपयांच्या विक्रीमागे साधारण साडेतेरा रुपये सुटत होते. मी हिशेब करण्याआधीच भावाला विचारून लिहून घेतलं होतं की, तेल-साखरेवर किती सुटतं, बिस्किटं, मसाले आणि साबणावर किती, आणि सरासरी किती असावं. त्याने सांगितलं होतं, "तेरा-चौदा." गल्ल्यातून किंवा फळीवरून रोज काही जात असतं, तर माल संपलेला दिसला असता पण त्याचे पैसे आले नसते, आणि हा आकडा दहा-अकरावर घसरला असता. तो घसरला नव्हता. आणि मी समोर नव्हते त्या दिवसांचाही हिशेब त्यातच होता.

"मग पैसा जातो कुठे?" भावाने पुन्हा विचारलं.

दुकानाचा खर्च बघितला. भाडं ५,०००, पोराचा पगार ६,०००, वीज १,४००, हमाली आणि वाहतूक १,६००, किरकोळ ५००. एकूण १४,५००. ढोबळ नफ्यातून तो वजा केला की निव्वळ नफा १७,५००.

आणि घरची उचल? रोकड आणि खात्यातून १९,८००. त्यात मुलांची फी, गॅस, मोटरसायकलचा हप्ता, भाभीच्या माहेरच्या लग्नातला आहेर, डॉक्टर, भाजी. शिवाय फळीवरून उचललेला ६,५०० चा माल. एकूण २६,३००.

दुकानाने महिन्यात १७,५०० कमावले आणि घराने २६,३०० घेतले. फरक ८,८००.

खोलीत कुणी बोललं नाही. त्या ६,५०० मध्ये एक तेलाचा डबा आणि दहा किलो बासमतीची पिशवी माझ्या नावावर होती. दर वेळी मी आले की भाभी पिशवी भरून द्यायची. मी पैसे काढले की भाऊ म्हणायचा, "आपा, लाजवतेस का?" आणि मी पिशवी उचलायची. अब्बांच्या वेळेपासून असंच चाललं होतं. पोरावर संशय घेतला जात असताना त्याच फळीवरचा माल मी पिशवीत घालून एसटीत बसत होते, हे वहीने माझ्याच हातून लिहवून घेतलं.

भावाची एक शंका उरली होती. "पण व्यापाऱ्यांचं देणं या महिन्यात आठ नाही, पंचवीस हजारांनी वाढलंय." त्याची नोंद बरोबर होती. २,१८,००० चा माल आला आणि व्यापाऱ्यांना गेले १,९२,७००. देणं वाढलं २५,३००. हे पैसे कुठे गेले, ते आता वहीत दिसत होतं. ९,५०० वाढीव माल होऊन फळीवर बसले. उधार दिली ३६,०००, वसूल झाली २९,०००, म्हणून ७,००० गिऱ्हाइकांकडे अडकले. आणि ८,८०० घरात खर्च झाले. ९,५००, ७,००० आणि ८,८००, बेरीज २५,३००. पै न पै जुळली. पहिले दोन आकडे परत येऊ शकतात, माल विकला आणि उधारी वसूल झाली की. तिसरा परत येत नाही. तो दुकानाच्या भांडवलातून गेलेला असतो. वर्षभर असंच चाललं तर लाखाच्या वर भांडवल कमी होतं. आणि गल्ला रोज भरलेला दिसतो, म्हणून हे कळतही नाही. तो भरलेला असतो व्यापाऱ्याच्या पैशाने.

मी पन्नास हजार दिले असते तर ते पाच-सहा महिन्यांत याच वाटेने गेले असते.

मग काय केलं

भावाने दुसऱ्या दिवशी सकाळी पोराला गल्ल्याची किल्ली परत दिली. ईदनंतर ती त्याने काढून घेतली होती. पोराने काही विचारलं नाही. किल्ली परत मिळाल्यावर मात्र तो म्हणाला, "भाई, मला माहीत होतं तुम्ही काय समजताय ते." भावाने त्याची माफी मागितली.

घराची उचल बांधून घेतली. दर शनिवारी ४,००० रुपये, एकदाच, आणि घरचा किराणाही त्यातूनच, खरेदीच्या भावाने. महिन्याला साधारण १७,३०० होतात, म्हणजे नफ्याच्या काठाला लागून. सुरुवातीला फार जड गेलं. भाभीने शिलाईचं मशीन पुन्हा बाहेर काढलं आणि आहेराची रक्कम निम्मी केली. कुठला खर्च दुकानाचा आणि कुठला घरचा, यावर वाद झाला की आम्ही एकच प्रश्न विचारायचो : दुकान नसतं तरी हा खर्च झाला असता का? झाला असता, तर तो घरचा. मीही आता पिशवी घेताना पैसे वहीवर ठेवते. भाऊ अजून नाराज होतो, पण घेतो.

जुनं देणं फेडायला नफा पुरणार नव्हता. त्यासाठी अडकलेला पैसा सोडवला. न हलणारा माल खरेदीच्या भावाला, काही त्याहूनही कमी भावाला विकून टाकला. उधारीची बाकी दर महिन्याच्या १ तारखेला प्रत्येकाला पानाचा फोटो काढून पाठवायची आणि जुने पैसे अर्धे आल्याशिवाय नवा माल उधार द्यायचा नाही, असं ठरवलं. चार-पाच गिऱ्हाईकं तुटली. चाचींकडे मात्र भाभी स्वतः गेली, दोन्ही बाजूंची पानं दाखवली आणि चूक कबूल केली.

माल दर महिन्याला मोजणं जमलं नाही. आता तीन महिन्यांनी मोजतात. रोजमेळ मात्र सुटलेला नाही. एखाद्या रात्री कंटाळा केला तर दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेलं हमखास चुकतं. म्हणून भाऊ पैसे मोजल्याशिवाय शटर ओढत नाही. ही वही फक्त स्वतःला दुकान कळावं म्हणून आहे, हेही सांगून ठेवते. त्याची वर्षाची विक्री अठ्ठावीस लाखांच्या आसपास असते. नुसत्या मालाच्या विक्रीला महाराष्ट्रात चाळीस लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. विक्री त्याच्या जवळ जायला लागली की करसल्लागाराकडे जायचं, हे आम्ही ठरवून ठेवलंय. तेव्हाही हीच वही त्याच्यापुढे ठेवता येईल.

मार्च २०२४ मध्ये रमजान आला. दर वर्षी भाऊ दुकानाची जकात अंदाजाने काढायचा, कधी जास्त, कधी कमी, आणि मनात खुटखुट राहायची. या वेळी मौलानांना विचारून वही समोर ठेवली. त्यांनी सांगितलं, जकातीसाठी माल बाजारभावाने, म्हणजे आज विकला तर जे येतील त्या किमतीने धरा. नफा काढताना आम्ही खरेदीचा भाव धरतो, इथे तो बदलतो. माल २,०५,०००, रोकड आणि बँकेत २४,०००, वसूल होईल अशी खात्रीची उधारी ३१,०००. मिळून २,६०,०००. त्यातून व्यापाऱ्यांचं देणं १,००,००० वजा केलं. मे महिन्याच्या अखेरीला हेच देणं १,४८,००० होतं. उरले १,६०,०००. ही रक्कम चांदीच्या निसाबच्या वर होती. अडीच टक्क्यांनी जकात झाली ४,००० रुपये.

भावाने आकड्याखाली रेघ मारली आणि वही माझ्याकडे सरकवली. "बघ आपा, जुळतंय का."

मी पुन्हा बेरीज केली. जुळत होतं.